एका बातमीचे तीन मथळे, पण दावा एकच

प्रश्न: आमचं जिल्ह्याच्या बातम्यांचं मराठी पोर्टल आहे. एसइओ बघणारा म्हणतो, कीवर्ड आधी घ्या. सोशलवाले म्हणतात, मथळ्यातच सगळं सांगून टाकलं तर क्लिक कोण करणार? आणि संपादक म्हणतात, मथळा बातमीच्या पुढे जाता कामा नये. गूगल सर्च, डिस्कव्हर आणि व्हॉट्सॲप तिन्हीकडे चालेल आणि खोटाही ठरणार नाही, असा मथळा लिहायचा कसा?

उत्तर:

तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. गोंधळ होतो तो तिघं एकाच ओळीवर भांडतात म्हणून. वेबवरच्या बातमीला एकच मथळा नसतो. पानावर वाचकाला दिसतो तो `<h1>`. ब्राउझरच्या टॅबवर आणि बहुतेक वेळा सर्चच्या यादीत दिसतो तो `<title>`. फेसबुक किंवा व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की चौकटीत उमटतो तो `og:title`. यांखेरीज न्यूज साइटमॅपमध्ये आणि स्ट्रक्चर्ड डेटामध्येही मथळा जातो, पण तो बहुतेक सीएमएस पानावरच्या मथळ्यावरून आपोआप भरतात. तुमच्या सीएमएसमध्ये या तीन जागा वेगवेगळ्या भरता येतात का, हे आधी पाहा. येत नसतील तर डेव्हलपरकडून तेवढं काम आधी करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं कागदावरच राहील.

तीन जागा मिळाल्या की लगेच एक मोह होतो. सर्चसाठी कीवर्डवाला, सोशलसाठी चटपटीत आणि पानावर सभ्य, असे तीन स्वभावांचे तीन मथळे लिहिले जातात. हे चालत नाही. त्याचं कारण नैतिक नंतर, तांत्रिक आधी आहे: कोणता मथळा कुठे दिसेल हे तुमच्या हातात नसतं. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने सर्चमधला मथळा ठरवण्याची पद्धत बदलली. `<title>` ठीक वाटला नाही तर गूगल `<h1>` उचलतं, पानावरचा मोठ्या अक्षरातला दुसरा मजकूर उचलतं, कधी त्या पानाकडे येणाऱ्या लिंकमधले शब्दही घेतं. पुढच्याच महिन्यात गूगलने सांगितलं की सुमारे ८७ टक्के वेळा `<title>` वापरला जातो. म्हणजे साधारण आठांतून एकदा दुसरं काहीतरी येतं. डिस्कव्हरच्या कार्डावर कोणती ओळ येईल हेही आधी ठरवून टाकू नका. सोशलसाठी म्हणून मोकळ्या हाताने लिहिलेली ओळ सर्चमध्ये येऊ शकते आणि सर्चसाठीची सुकी ओळ फीडमध्ये. म्हणून शब्दांचा क्रम बदला, कोणता तपशील पुढे आणायचा ते बदला, पण तिन्ही ओळींमधला दावा एकच ठेवा. तिघांपैकी कोणतीही ओळ एकटी समोर आली तरी ती खरी असली पाहिजे.

दावा म्हणजे नेमकं काय, ते उदाहरणाने सांगतो. गेल्या काही वर्षांत मराठी पोर्टलवर ज्या विषयाने मथळ्यांची सगळ्यात जास्त परीक्षा घेतली तोच घेऊ: मुख्यमंत्री-माझी लाडकी बहीण योजना. जून २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात ती जाहीर झाली. महिन्याला १,५०० रुपये, दोन कोटींहून अधिक लाभार्थी आणि दर महिन्याला सगळ्यांचा एकच प्रश्न: हप्ता कधी? सर्चला मागणी प्रचंड, फीडमध्ये भावना प्रचंड आणि चुकीच्या मथळ्याचा भुर्दंड थेट त्या बाईला. पन्नास रुपये भाडं मोडून ती बँकेत जाते आणि हात हलवत परत येते.

समजा, संबंधित मंत्र्यांनी एक्सवर लिहिलं की मार्चच्या हप्त्याच्या वितरणाची प्रक्रिया ७ एप्रिलपासून सुरू होईल आणि पात्र महिलांच्या आधारशी जोडलेल्या खात्यात रक्कम जाईल. बातमी एवढीच आहे. मथळ्याला हात लावण्याआधी मी डेस्कवरच्या माणसाला चार गोष्टी साध्या वाक्यांत लिहायला लावतो. हे कोण सांगतंय? मंत्री, एक्सवरून. काय होणार आहे? वितरणाची प्रक्रिया सुरू होणार आहे. कुणासाठी? पात्र आणि आधारशी खातं जोडलेल्या महिलांसाठी. आणि बातमीत काय सांगितलेलं नाही? कुणाच्या खात्यात कोणत्या दिवशी पैसे पोचतील ते नाही, दोन महिन्यांचे एकदम मिळणार का ते नाही, रक्कम वाढणार का तेही नाही.

या चौथ्या उत्तराला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. खोटा मथळा क्वचितच बातमीतल्या माहितीतून जन्मतो. तो बातमीत जे सांगितलेलं नाही ती रिकामी जागा भरायला जातो आणि तिथे घसरतो. ‘७ एप्रिलला खात्यात पैसे’ हा मथळा त्या रिकाम्या जागेतूनच आलेला असतो. प्रक्रिया सुरू होणं आणि आपल्या खात्यात रक्कम दिसणं यांत काही दिवस जाऊ शकतात, आणि वाचणारीला तर नेमकं दुसरंच कळायला हवं असतं.

आता त्याच दाव्याचे तीन मथळे असे होतील:

```html
<title>लाडकी बहीण योजना मार्च हप्ता: वितरण ७ एप्रिलपासून, मंत्र्यांची माहिती</title>

<h1>मार्चच्या हप्त्याचे वितरण ७ एप्रिलपासून; लाडकी बहीण योजनेबाबत मंत्र्यांची माहिती</h1>

<meta property="og:title" content="लाडकी बहीण: मार्चच्या हप्त्याचे वितरण ७ एप्रिलपासून, रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच">
```

तिन्हींमध्ये ‘वितरण ७ एप्रिलपासून’ हा गाभा जागचा हललेला नाही. सर्चच्या ओळीत योजनेचं नाव आणि ‘मार्च हप्ता’ आधी आले, कारण शोधणारी बोटं तेच टाइप करतात. पानावरच्या ओळीत नवीन काय घडलं ते आधी आलं. सोशलच्या ओळीत उत्सुकतेच्या जागी कामाची गोष्ट आली. ‘माझं खातं जोडलेलं आहे का?’ हा प्रश्न वाचणारीच्या मनात आपोआप उभा राहतो आणि त्याचं उत्तर बातमीत असतं. सोशलवाल्यांना हवा असलेला क्लिक यातूनही येतो. मात्र मग खातं जोडलेलं आहे की नाही हे कसं तपासायचं, ते बातमीत खरोखर लिहिलेलं हवं. नसेल तर ती अर्धी ओळ काढून टाका.

‘टप्प्याटप्प्याने’ हा शब्द इथे सहज सुचतो, पण मी तो घातलेला नाही. स्रोतात तो नव्हता. अंदाज बहुधा खरा निघेल, तरीही तो आपला अंदाज आहे.

मराठी मथळ्यातली सगळ्यात निसरडी जागा क्रियापदाची असते. ‘मिळणार’, ‘होणार’, ‘वाढणार’ असं लिहिलं की ते शासनाने ठरवलंय, मंत्री नुसतं बोललेत, सूत्रांचा अंदाज आहे की निवडणुकीतलं आश्वासन आहे, यातलं काहीच वाचकाला कळत नाही. ‘णार’मध्ये सगळं मावतं, म्हणून तो डेस्कला सोयीचा वाटतो आणि म्हणूनच धोक्याचाही आहे. सरकारी पैशाच्या बातमीत निदान तीन पायऱ्या असतात. आधी निधीला मान्यता देणारा शासन निर्णय निघतो, मग वितरण सुरू होतं, मग खात्यात रक्कम जमा होते. प्रत्येक पायरीचं क्रियापद वेगळं ठेवा: ‘निधी मंजूर’, ‘वितरण सुरू’, ‘रक्कम जमा’. जीआर निघाल्याच्या दिवशी ‘जमा’ हा शब्द मथळ्यात दिसला तर मी तो मागचापुढचा विचार न करता काढतो. ‘जमा होण्याचा मार्ग मोकळा’ ही पळवाटही मला पटत नाही. घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्याला त्यातला ‘जमा’च दिसतो.

हेच २,१०० रुपयांबद्दल. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने रक्कम २,१०० करण्याचं आश्वासन दिलं आणि तेव्हापासून ‘२,१०० रुपये मिळणार?’ या प्रश्नचिन्हावर किती मथळे निघाले त्याची गणती नाही. प्रश्नार्थक मथळा मुळात वाईट नसतो. लोक खरोखरच ‘२१०० कधी मिळणार’ असं शोधतात, तेव्हा त्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारी बातमी द्यायलाच हवी. पण उत्तर ‘अजून निर्णय झालेला नाही’ असं असेल तर तेच मथळ्यात आलं पाहिजे: ‘लाडकी बहीण २,१०० रुपये: अधिवेशनात काय उत्तर मिळालं, निर्णय अजून नाही’. नकार मथळ्यात दिला तर क्लिक जातील ही भीती अर्धीच खरी आहे. सर्चमधून येणाऱ्याला उत्तर हवंच असतं. यादीतल्या दहा गोलमाल ओळींत एक सरळ ओळ दिसली तर तिच्यावर बोट जायला अडचण नसते.

गुन्ह्यांच्या बातमीत हा क्रियापदाचा प्रश्न कायद्यापर्यंत जातो, म्हणून थोडक्यात सांगतो. ‘कोट्यवधींची फसवणूक केली’ आणि ‘फसवणुकीचा गुन्हा दाखल’ हे दोन वेगळे दावे आहेत. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटलंय की आरोप असलेल्या मथळ्यात तो करणारी संस्था वा व्यक्ती कोण ते असावं, निदान अवतरणचिन्हं तरी असावीत. सर्चच्या छोट्या ओळीत आरोप करणाऱ्याचं नाव मावत नाही ही सबब ऐकू नका. विशेषणं काढा, जागा होते.

आता सर्चकडे. एसइओवाल्याचं ‘कीवर्ड आधी’ मराठीत जरा वेगळ्या तऱ्हेने लागू होतं. आपल्या भाषेत नाम मथळ्यात गेलं की त्याचं रूप बदलतं. ‘लाडकी बहीण’ची ‘लाडक्या बहिणींना’ होते, साताऱ्याचं ‘साताऱ्यात’ होतं, धुळ्याचं ‘धुळ्याला’. गूगलला ही रूपं बरीचशी ओळखता येतात, त्यामुळे नुसत्या क्रमवारीसाठी जिवाचं रान करायची गरज नाही. मात्र यादीवरून नजर फिरवणारा माणूस जे टाइप केलं त्याच आकाराचा शब्द शोधत असतो. म्हणून `<title>` मध्ये योजनेचं, गावाचं, परीक्षेचं नाव शक्यतो मूळ रूपात, सुरुवातीला आणि पुढे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन ठेवावं. पानावरच्या `<h1>` मध्ये मात्र हा प्रकार नको. तिथे ‘लाडक्या बहिणींना’ हेच मराठी कानाला बरं वाटतं, आणि प्रत्येक मथळ्याची सुरुवात दोन टिंबांनी झाली की होमपेज तारखांच्या वहीसारखं दिसायला लागतं.

शुद्धलेखनावर वाद होईलच. बरेच लोक ‘बहिण’ असं ऱ्हस्व लिहून शोधतात आणि त्याहून कितीतरी जण रोमन लिपीत ‘ladki bahin yojana’ टाइप करतात. गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून ही रूपं शेजारी शेजारी टाकून बघा. तिथे प्रत्येक लेखन वेगळा शब्द म्हणून मोजलं जातं, त्यामुळे फरक समोर दिसतो. तरी मथळ्यात अशुद्ध रूप घालायचं नाही. एवढा फरक गूगल सांभाळून घेतं आणि आपल्या पानावर चूक कायमची राहते. रोमन रूपाची सोय बातमीच्या पत्त्यात करा. पत्ता `ladki-bahin-yojana-march-hapta` असा रोमनमध्ये आणि आटोपशीर ठेवा. देवनागरी पत्ता चालतो, पण कॉपी करून पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक शेपटी होते आणि लोकांना ती लिंक संशयास्पद वाटते. बातमी प्रसिद्ध झाल्यावर मथळा सुधारला तरी पत्ता बदलायचा नाही, म्हणून पत्त्यात तारीख, रक्कम किंवा ‘जमा’सारखं क्रियापद घालू नका. मथळा दुरुस्त होतो, पत्त्यातला दावा तसाच मागे राहतो.

लांबीबद्दल तुम्हाला ‘साठ अक्षरं’ असं सांगितलं गेलं असेल. गूगल अशी कोणतीही मर्यादा सांगत नाही; पडद्याच्या रुंदीत जेवढं मावेल तेवढं दिसतं, पुढचं कापलं जातं. साठाचा आकडा रोमन लिपीवरून बेतलेला आहे. देवनागरीत तो मोजणारी प्लगइन्स फसतात, कारण ‘महाराष्ट्रा’मधलं ‘ष्ट्रा’ त्यांच्या हिशेबी सहा अक्षरं असतं आणि पडद्यावर एकाच अक्षराची जागा घेतं. प्लगइन लाल झालं म्हणून मथळ्यातला स्रोत किंवा ‘शक्यता’ हा शब्द उडवलेला मी खूपदा पाहिलाय. ते करू नका. साधा, स्वस्तातला अँड्रॉइड फोन घ्या आणि त्यावर मथळा कुठे तुटतो ते पाहा. आणि तुटल्यावर उरलेला भाग स्वतंत्रपणे काय सांगतो, तेही वाचा. ‘शाळांना उद्या सुटी…’ इथे तुटलं आणि पुढचं ‘नाही’ किंवा ‘फक्त घाटमाथ्यावर’ कापलं गेलं, तर अर्थ उलटा होतो. अर्थ फिरवणारा शब्द ओळीच्या पहिल्या अर्ध्यात आला पाहिजे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे आपल्याला याची काळजी जास्त घ्यावी लागते: ‘शाळांना सुटी नाही, पावसाचा इशारा घाटमाथ्यापुरता’.

डिस्कव्हरची गोष्ट वेगळी आहे. तिथे कुणी काही शोधत नसतं. गूगल वाचकाच्या आवडीनिवडीवरून कार्ड पुढे करतं, म्हणून तिथे कीवर्ड आधी आणण्याला फारसा अर्थ नाही. मथळ्यावरून विषय चटकन ओळखू येणं आणि चित्र मोठं असणं याला अर्थ आहे. चित्र किमान १,२०० पिक्सेल रुंद असावं आणि पानावर `max-image-preview:large` ही सूचना असावी, असं गूगल स्वतः सांगतं. जे बातमीत नाही त्याचं आमिष मथळ्यात किंवा चित्रात दाखवून क्लिक मिळवायला तिथे धोरणातच मनाई आहे. सोशलवाल्यांना हे जरूर दाखवा.

आता ‘सगळं सांगून टाकलं तर क्लिक कोण करणार’ याकडे येतो. मराठी पोर्टलांवर याचं एक ठरलेलं औषध आहे: ‘या’, ‘हा’, ‘इतके’ हे शब्द अवतरणचिन्हांत घालायचे. ‘“या” महिलांना हप्ता मिळणार नाही’, ‘खात्यात येणार “इतके” रुपये’, ‘“हा” निर्णय ठरला कारण’. फेसबुकने ऑगस्ट २०१६ मध्ये क्लिकबेट कमी दाखवायचं जाहीर केलं आणि मे २०१७ मध्ये त्याचे दोन प्रकार वेगळे धरायला सुरुवात केली: माहिती दडवणारे मथळे आणि अतिशयोक्ती करणारे मथळे. ही विभागणी डेस्कवर फार उपयोगी पडते, कारण आपण दुसऱ्या प्रकाराला दोष देतो आणि पहिला बिनदिक्कत वापरतो. ‘“या” महिलांना हप्ता नाही’ या ओळीत खोटं काहीच नाही. पण ती वाचणारी प्रत्येक लाभार्थी बाई ‘मी त्यात आहे का?’ या धास्तीने लिंक उघडते आणि आत लिहिलेलं असतं की कुटुंबात चारचाकी असेल तर योजनेचा लाभ नाही, हा पहिल्यापासूनचाच निकष. हा क्लिक भीतीवर मिळालेला आहे. त्या बाईच्या घरी चारचाकी नसेल तर ती पुढच्या वेळी तुमच्या नावाला चटकन ओळखते आणि बोट पुढे सरकवते.

माझा नियम असा: ‘काय’ आणि ‘कुणाला’ हे मथळ्यात सांगायचं, ‘कसं’ आणि ‘का’ हे बातमीसाठी ठेवायचं. ‘कुटुंबात चारचाकी असेल तर लाडकी बहीणचा हप्ता नाही, पडताळणी कशी होते’ या ओळीत जिचा संबंध नाही तिला संबंध नसल्याचं कळलं, आणि जिचा आहे तिला आत यायला पुरेसं कारण आहे. क्लिक थोडे कमी पडतात, हे मी नाकारत नाही. ज्या बातमीत ‘कसं’ आणि ‘का’ यांना उत्तरच नाही तिचे तर खूपच कमी पडतात. पण तिथे दोष मथळ्याचा नाही, ती बातमी दोन परिच्छेदांचीच आहे. तिला सहाशे शब्दांपर्यंत ताणायचं थांबवा.

‘मथळा जरा चढा असला तरी आत खरं लिहिलंय ना’ हा बचाव नेहमी ऐकू येतो. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ उलरिक एकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमकं हेच तपासलं होतं. दिशाभूल करणाऱ्या मथळ्याखाली पूर्ण लेख वाचलेल्यांच्या आठवणीवर आणि अनुमानांवरही त्या मथळ्याचा परिणाम उरतो, असं त्यांना दिसलं. फीडमध्ये तर बहुतेक लोक लेख उघडतच नाहीत.

यावरून एक गोष्ट निघते आणि ती बहुतेक डेस्कच्या सवयीच्या उलट आहे. आपण पानावरचा मथळा काटेकोर ठेवतो आणि सोशलच्या ओळीला मोकळीक देतो. दुरुस्तीच्या बाजूने पाहिलं तर हे उलटं हवं. पानावरचा `<h1>` चुकला तर तो मिनिटात बदलतो. सर्चमधली ओळ गूगलने पान पुन्हा वाचल्यावर बदलते. फेसबुकवर जुनी ओळ साठवलेली राहते, पण शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून ती पुन्हा वाचायला लावता येते. व्हॉट्सॲपचं तसं नाही. तिथली चौकट पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होते आणि निरोपासोबतच जाते. तुम्ही पानावर काहीही सुधारलं तरी गावच्या ग्रुपवर गेलेली ओळ तशीच फिरत राहते. पुश नोटिफिकेशनचंही तेच, वाचलेलं परत घेता येत नाही. म्हणून `og:title` आणि पुश यांच्यावर दुसऱ्या माणसाची नजर फिरल्याशिवाय बातमी सोडू नये. मनुष्यबळ कमी असेल तर पानावरच्या मथळ्याची तपासणी सोडा, पण ही सोडू नका.

दुरुस्ती करताना तिन्ही जागा एकदम बदला. बहुतेक वेळा `<h1>` सुधारला जातो आणि `og:title` मध्ये जुना दावा तसाच राहतो, मग दुसऱ्या दिवशीही लोक तोच पसरवत राहतात. चूक दाव्यातली असेल, म्हणजे तारीख, रक्कम किंवा नाव चुकलं असेल, तर बातमीच्या वर काय बदललं ते एका ओळीत लिहा. शब्दरचना सुधारली असेल तर त्याची गरज नाही.

आकडे बघताना सर्च कन्सोलमध्ये सर्च आणि डिस्कव्हर यांचे अहवाल वेगळे पाहा, एकत्र बेरीज करू नका. सर्चच्या अहवालात त्या पानाचे शोधशब्द दिसतात. एखाद्या प्रश्नासाठी पान भरपूर वेळा दिसलं, जागाही वरची आहे आणि तरी क्लिक नाहीत, तर एक तर लोकांना हवं ते ओळीत दिसत नाहीये किंवा उत्तर यादीतच मिळून जातंय. डिस्कव्हरच्या अहवालात शोधशब्द नसतातच, म्हणून तिथे मथळ्याचा गुण-दोष एका बातमीवरून ठरवू नका. चित्र, वेळ, विषय सगळं त्यात मिसळलेलं असतं. दोन मथळ्यांची चाचणी घेत असाल तर लहान पोर्टलने विशेष जपून. समजा, प्रत्येक मथळा दोन हजार वेळा दिसला, एकाला ८० क्लिक मिळाले आणि दुसऱ्याला ९२. बारा क्लिकचा हा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडतो. त्यावरून ‘प्रश्नचिन्हवाला मथळा जिंकला’ असा नियम काढून भिंतीवर लावला जातो आणि पुढे वर्षभर सगळे मथळे त्या नियमाने बिघडतात. चाचणीत दोन्ही मथळे आधी दाव्याच्या कसोटीला उतरलेले असले पाहिजेत, हे तर आलंच.

राहिला ‘आज’ आणि ‘उद्या’चा प्रश्न. पुशमध्ये हे शब्द ठीक आहेत. `<title>` मध्ये ते मध्यरात्रीनंतर खोटे होतात, आणि पान सर्चमध्ये पुढेही सापडत राहतं. २०२५ चा दहावीचा निकाल १३ मे रोजी दुपारी १ वाजता लागला. त्याच्या आदल्या दिवशीच्या बातमीचा सर्चमधला मथळा ‘दहावीचा निकाल उद्या’ असा असला तर निकालाच्या दिवशी सकाळी शोधणाऱ्या पोराला वाटतं, अजून एक दिवस आहे. ‘दहावी निकाल २०२५: १३ मे, दुपारी १ वाजता’ ही ओळ आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि नंतरही खरीच राहते. वर्ष जरूर घाला, कारण पुढच्या मे महिन्यात हेच पान पुन्हा कुणाच्या तरी समोर येणार आहे. आणि जुनी बातमी तारीख बदलून नवी म्हणून वर आणायची असेल, तर आत नवी माहिती खरोखर आलेली असू द्या. नुसती तारीख बदलायची असेल तर नवीन बातमी लिहा आणि जुनीत तिची लिंक द्या.